भाडेकरू ‘देईल’ की ‘देतील’? करारातलं क्रियापद पुन्हा पुन्हा चुकतं त्याचं काय करायचं

दुकानाचा भाडेकरार समोर आहे. कलम ४ म्हणतं ‘भाडेकरू दरमहा ५ तारखेच्या आत भाडे देईल’. कलम ७ म्हणतं ‘भाडेकरू दुकानात कोणताही फेरफार करणार नाहीत’. कलम ११ तर एकाच वाक्यात दोन्ही करतं, ‘भाडेकरू दुकान रिकामे करून देतील व चावी परत करील’. आणि शेवटच्या पानावर सह्यांच्या वर, ‘वरील सर्व अटी आम्ही मान्य करतात’. भाडेकरू म्हणजे तीन भागीदारांची एक फर्म. आता या चार वाक्यांवरून सांगा बघू, भाडं कोणी द्यायचंय, फर्मनं, एका माणसानं की तिघांनी?

मी फोंड्याला मराठी कागदपत्रं टाईप करून देते आणि तपासून देते. आपल्याकडे रजिस्टर होणारे दस्त बहुतेक इंग्लिशमध्येच असतात, पण सोसायटीचे ठराव, देवस्थानाच्या सभेचे वृत्तांत, भागीदारांची आपसातली पत्रं, छोटे भाडेकरार, हमीपत्रं ही मराठीत येतात आणि जवळजवळ प्रत्येकात हा घोळ असतो. लिहिणाऱ्याला मराठी येत नाही म्हणून हे होतं असं अजिबात नाही. बोलताना तोच माणूस एकदाही चुकणार नाही. कागदावर चुकतं त्याला ठरावीक कारणं आहेत, आणि ती कळली की दुरुस्तीला पंधरा मिनिटं पण लागत नाहीत.

पहिलं आणि सगळ्यात मोठं कारण नामात आहे. आपण करारात पक्षकारांना काय म्हणतो बघा: भाडेकरू, भागीदार, सभासद, जामीनदार, कर्जदार, वारस, मालक, लिहून देणार, लिहून घेणार. यातला एकही शब्द अनेकवचनात बदलत नाही! घोडा-घोडे होतं, पण भागीदार एक असला तरी भागीदार आणि दहा असले तरी भागीदारच, कारण आकारान्त नसलेली पुल्लिंगी नामं मराठीत दोन्ही वचनांत तशीच राहतात. म्हणजे कर्ता एक की अनेक हे वाक्यात सांगणारं एकच ठिकाण उरतं, ते म्हणजे क्रियापद. ‘जामीनदार रक्कम भरील’ म्हणजे एक, ‘जामीनदार रक्कम भरतील’ म्हणजे अनेक. एवढ्या एका ‘ती’वर सगळा भार.

आणि नेमका तिथेच दुसरा गोंधळ येऊन बसतो, आदराचा. आपण एकाच माणसाला ‘साहेब येतील’ म्हणतो, वकिलांच्या ऑफिसात बसून समोर बसलेल्या गृहस्थांबद्दल ‘हा पैसे देईल’ असं लिहायला कोणाचा हात धजत नाही, मग ‘देतील’ लिहिलं जातं. त्यामुळे ‘जामीनदार रक्कम भरतील’ याचे दोन अर्थ झाले, दोन-तीन जामीनदार किंवा एकच आदरणीय जामीनदार. नामानं सांगितलं नाही, क्रियापदानं दोन्ही सांगितलं. वाचणारा अडकतो तो इथे.

तिसरं कारण खास आपलं गोव्यातलं आहे. वर शेवटच्या पानावर ‘आम्ही मान्य करतात’ आलंय ना, ते मला महिन्यातून चार वेळा तरी दिसतं. कोंकणीत ‘आमी करतात’ बरोबर आहे, घरात दिवसभर तेच बोलतो आपण, म्हणून ते कानाला खटकत नाही आणि तसंच कागदावर उतरतं. मराठीत मात्र ‘आम्ही करतो’. सगळ्या सही करणाऱ्या बायका असल्या तरी ‘आम्ही करतो’च, एकटी असेल तर ‘मी करते’. महिला मंडळाच्या पत्रात ‘आम्ही सर्व सभासद मान्य करतात’ असेल तर ते ‘आम्ही सर्व सभासद मान्य करतो’ करायचं नाहीतर ‘सर्व सभासद मान्य करतात’, ‘आम्ही’ काढून. दोन्हीतलं एक घ्या.

चौथं कारण ‘तर्फे’. ‘अमुक ट्रेडर्स तर्फे भागीदार श्री. अ, श्री. ब व सौ. ड हे दुकान भाड्याने घेतात’ हे वाक्य नीट वाचा. ‘तर्फे’ लागलं की ट्रेडर्स बाजूला पडतं आणि कर्ता होतात ते तीन भागीदार, क्रियापदही त्यांच्याशीच जुळलंय, ‘घेतात’. व्याकरण बरोबर आहे हो, पण दुकान फर्मनं घेतलं की तिघांनी स्वतःच्या नावावर घेतलं? मग पुढच्या कलमांत टाईप करणारा कधी फर्म डोळ्यासमोर ठेवतो तेव्हा ‘देईल’ येतं, कधी तिघं डोळ्यासमोर येतात तेव्हा ‘देतील’. कलम ४ आणि ७ मधला फरक तिथून आला.

आता दुरुस्ती. मी क्रियापदापासून सुरुवात करतच नाही. एक एक ‘देतील’ पकडून ‘देईल’ करत बसलात तर अर्धी सुटतील. आधी पक्षकाराचं नाव बदलायचं, असं नाव द्यायचं की त्याचं वचन आपोआप पक्कं होईल. वरच्या करारात ‘भाडेकरू’ हा शब्द मी काढून टाकला आणि सुरुवात अशी केली:

‘अमुक ट्रेडर्स ही भागीदारी फर्म, जिचे भागीदार श्री. अ, श्री. ब व सौ. ड हे आहेत आणि जिच्या वतीने श्री. अ यांनी या करारावर सही केली आहे (या फर्मला यापुढे “भाडेकरू फर्म” म्हटले आहे)’.

‘ही’ हा छोटा शब्द इथे मोठं काम करतो. नावाच्या मागून ही, हा, हे, या, हे दोघे असं काहीतरी लावलं की लिहिणारा स्वतःच पुढे चुकत नाही, आणि कर्ता कोण हे वाचणाऱ्यालाही परत परत सांगावं लागत नाही. मग कलमं सरळ होतात. ‘भाडेकरू फर्म दरमहा ५ तारखेच्या आत भाडे देईल.’ ‘भाडेकरू फर्म दुकानात कोणताही फेरफार करणार नाही.’ ‘मुदत संपल्यावर भाडेकरू फर्म दुकान रिकामे करून देईल व चावी परत करील.’ फर्म एक आहे आणि तिला आदरार्थी अनेकवचन कोणी लावत नाही, ‘फर्म आल्या’ असं म्हणणारा अजून मला भेटला नाही. म्हणून आदराचा प्रश्न पण निघून गेला. (‘करील’ आणि ‘करेल’ दोन्ही चालतात, फक्त एका कागदात एकच ठेवा.)

यावर लगेच विचारलं जातं, मग भागीदार सुटले का? मालक हेच विचारतो, आणि विचारायलाच हवं. तर भागीदारीचा १९३२ चा कायदा फर्मला वेगळी व्यक्ती मानत नाही, भागीदारांचं सगळ्यांचं मिळून जे नाव ती फर्म, आणि फर्मच्या देण्याला प्रत्येक भागीदार इतरांबरोबर आणि एकटाही जबाबदार असतो. म्हणजे ‘फर्म देईल’ लिहिल्यानं कोणी सुटत नाही. तरी मालकाला कागदावर हवं असेल तर ते क्रियापदातून सुचवायचं नाही, त्याचं स्वतंत्र वाक्य करायचं. मी असं केलं: ‘थकलेल्या भाड्यासाठी तिन्ही भागीदार एकत्रितपणे जबाबदार राहतील, तसेच प्रत्येक भागीदार संपूर्ण रकमेसाठी वैयक्तिकरीत्या जबाबदार राहील.’ इथे मुद्दाम दोन क्रियापदं आहेत. ‘तिन्ही’बरोबर ‘राहतील’, ‘प्रत्येक’बरोबर ‘राहील’. ‘प्रत्येक भागीदार राहतील’ असं खूप जण लिहितात, ते चूक, ‘प्रत्येक’ नेहमी एकवचनी. आणि ‘प्रत्येकी’ हा शब्द तर फार जपून वापरा, ‘दोघे ५०,००० रुपये देतील’ म्हणजे मिळून पन्नास हजार, ‘दोघे प्रत्येकी ५०,००० रुपये देतील’ म्हणजे एक लाख.

शेवटचं ‘आम्ही मान्य करतात’ काढून ‘वरील सर्व अटी भाडेकरू फर्मला मान्य आहेत’ केलं. हे ‘आहेत’ अटींशी जुळलेलं आहे, फर्मशी नाही. हे सांगते कारण एकदा मी हे वाक्य लिहून दिल्यावर कोणीतरी पेननं ‘आहेत’चं ‘आहे’ करून परत पाठवलं होतं, फर्म एकवचनी म्हणून. तसंच ‘फर्मला सर्व हप्ते भरावे लागतील’ यात ‘लागतील’ हप्त्यांचं आहे. क्रियापद अनेकवचनी दिसलं की आधी बघायचं ते कोणाशी जुळलंय, मग हात लावायचा.

यावरूनच एक उपाय निघतो जो मला सगळ्यात भरवशाचा वाटतो. कर्ता जसाच्या तसा असतो तेव्हा ‘भागीदार’चं वचन दिसत नाही, पण त्याला प्रत्यय लागला की लगेच दिसतं: भागीदाराने, भागीदारांनी. भागीदारावर, भागीदारांवर. म्हणून जबाबदारीची कलमं प्रत्ययवाली करून टाकायची. ‘जामीनदार रक्कम भरतील’ऐवजी ‘रक्कम भरणे जामीनदारांवर बंधनकारक राहील’, आता एकापेक्षा जास्त आहेत हे स्पष्ट, क्रियापद ‘राहील’ हे ‘भरणे’शी जुळलेलं, आदराचा संबंधच नाही. एकच असेल तर ‘जामीनदारावर बंधनकारक राहील’. ‘भाडे न भरल्यास’ अशी रूपं पण सोयीची, ‘भाडेकरू फर्मने भाडे न भरल्यास’ यात जुळवायचं काही उरतच नाही. ‘जामीनदारांनी रक्कम भरावी’ हेही व्याकरणात बसतं पण मी टाळते, कारण ‘भरावी’ हे सांगणं वाटतं, सक्ती वाटत नाही, भांडण झालं तर समोरचा म्हणणार आम्हाला सुचवलं होतं.

फक्त अनुस्वार सांभाळा. ‘भागीदारानी’, ‘सभासदानी’ असं टाईप झालं की सगळं मुसळ केरात, ते एक की अनेक कोणी सांगू शकत नाही. फोनवरून टाईप केलेल्या मसुद्यात हे हमखास असतं.

हे झालं फर्मचं. सोसायटीच्या बाबतीत मात्र चूक जास्त महाग पडते, म्हणून तिथे मी जास्त वेळ घालवते. फर्म आणि भागीदार कायद्यात एकमेकांना चिकटलेले आहेत, पण नोंदणी झालेली सोसायटी ही सभासदांहून वेगळी कायदेशीर व्यक्ती असते, आपल्याकडे त्यासाठी गोवा सहकारी संस्था कायदा २००१ आहे. कंपनीचंही तसंच. म्हणून ‘सोसायटी पैसे देईल’ आणि ‘सभासद पैसे देतील’ यात देणारा माणूसच बदलतो. एका सोसायटीनं बिल्डिंग रंगवायचा करार केला होता, त्यात वर नाव सोसायटीचं होतं आणि पैशाच्या कलमात ‘सभासद काम पूर्ण झाल्यावर उर्वरित रक्कम देतील’. लिहिणाऱ्याच्या मनात एवढंच होतं की पैसे शेवटी वर्गणीतूनच येणार. काम झालं, सोसायटीकडे पैसे कमी पडले, आणि कंत्राटदार तो कागद घेऊन फ्लॅटच्या दारोदार फिरला, तुम्ही सभासद ना, मग हे बघा काय लिहिलंय. शेवटी मिटलं ते, पण दोन म्हाताऱ्या बायकांना उगाच किती मनस्ताप झाला. तिथे ‘सोसायटी उर्वरित रक्कम देईल’ एवढंच हवं होतं, आणि वर्गणी कशी काढायची हा सोसायटीच्या आपल्या ठरावातला विषय.

ठरावात उलट होतं. ‘सोसायटीने ठरवले’ लिहितात पण ठरवलं असतं समितीनं. ‘सर्वसाधारण सभेने ठरवले’, ‘व्यवस्थापक समितीने ठरवले’, ‘उपस्थित सभासदांनी ठरवले’ या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि -ने लागल्यावर क्रियापद कर्त्याकडे बघतच नाही, ते कर्माकडे बघतं: ठराव केला, जागा घेतली, काम दिले. म्हणून भूतकाळात क्रियापद चुकलं नाही म्हणजे सगळं ठीक आहे असं समजू नका, इथे कर्त्याचं नाव चुकतं आणि क्रियापद तुम्हाला सावध करत नाही. देवस्थानाच्या कागदात ‘देवस्थानाने’ की ‘महाजनांनी’ हा प्रश्न तसाच, आणि ‘महाजन’ हा शब्दही न बदलणाऱ्यांतलाच, त्यामुळे ‘महाजन ठरवतील’पेक्षा ‘महाजनांच्या सभेत ठरवले जाईल’ बरं. ‘करण्यात येईल’चा मारा मात्र नको. ‘दुरुस्ती करण्यात येईल’ यात चूक काढता येत नाही खरी, पण दुरुस्ती करणार कोण तेही कळत नाही. ‘सोसायटीकडून’ हा शब्द नसेल तर ते कलम निरुपयोगी आहे.

आता नवरा-बायको. गोव्यात हा प्रश्न बाकी ठिकाणांपेक्षा जास्त येतो, कारण १८६७ च्या पोर्तुगीज सिव्हिल कोडमधली समाईक मालमत्तेची पद्धत आपल्याकडे चालू आहे, लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर मालमत्ता दोघांची आणि विकायची तर दोघांची संमती लागते. त्या सवयीनं भाडेकरारातही दोघांची नावं घालतात. आणि मग येतं: ‘श्री. म व त्यांची पत्नी सौ. न हिने दुकान भाड्याने दिले आहे’. ‘हिने’ फक्त पत्नीला लागलं! नवऱ्याचं नाव वाक्यात लोंबकळत राहिलं. बरं ‘यांनी’ केलं तर? ‘श्री. म व त्यांची पत्नी सौ. न यांनी’ हे बरोबर आहे, मराठीत शेवटच्या नावाला लावलेलं ‘यांनी’ सगळ्यांना पोचतं, पण ‘सौ. न यांनी’ हे एकटीसाठीही आदरार्थी होतंच. म्हणून मी नेहमी ‘या दोघांनी’ किंवा ‘या उभयतांनी’ लिहिते. दोन बहिणी असतील तर ‘या दोघींनी’.

‘उभयता हजर झाले’ की ‘हजर झाली’ हे पण विचारतात. बोलताना आपण ‘दोघं आली’ म्हणतो, स्त्री-पुरुष मिश्र असले की नपुंसकलिंगी अनेकवचन, आणि ते जुनं शुद्ध मराठी आहे. पण कागदावर ‘झाली’ हे एकट्या बाईसाठीही तसंच दिसतं, म्हणून मी ‘हजर झाले’ लिहिते, नाहीतर सरळ ‘उभयतांनी हजर राहून सह्या केल्या’. नावांमध्ये ‘किंवा’ असेल तर क्रियापद शेवटच्या नावाशी जुळतं, ‘अध्यक्ष किंवा सचिव सही करील’. इथे आदरानं ‘करतील’ केलंत की बँकवाला विचारणारच, एकाची सही चालेल का दोघांची लागेल. आदर दाखवायचाच असेल तर ‘अध्यक्ष किंवा सचिव यांपैकी कोणाही एकाची सही पुरेशी राहील’.

तपासताना मी कॉम्प्युटरवर तीन शोध घेते. आधी ‘ील’, त्यात देतील, करतील, राहील, करील सगळी सापडतात (गोव्यातील, दुकानातील हे पण येतं, ते सोडून द्यायचं). मग ‘ईल’, कारण देईल, येईल, जाईल, होईल यांत ई स्वतंत्र अक्षर असल्यामुळे पहिल्या शोधात येत नाहीत. कागदात ‘करेल’, ‘भरेल’ अशी रूपं असतील तर ‘ेल’ पण शोधायचं. मग ‘नाही’, त्यात ‘नाहीत’ पण सापडतं, कारण ‘करणार नाही’ आणि ‘करणार नाहीत’ यात फरक फक्त त्या ‘त’चा आणि नकाराची कलमं डोळ्यांतून हमखास सुटतात. प्रत्येक ठिकाणी थांबून कर्त्याच्या जागी ती, तो, ते, त्या यातलं एक ठेवून वाक्य मोठ्यानं वाचते. ‘ती देतील’ तोंडातून निघत नाही, जीभच अडते.

वचन चुकलं म्हणून करार रद्द होतो असं कोणी घाबरवलं तर ते खरं नाही. कोर्ट अख्खा कागद एकत्र वाचून अर्थ लावतं. त्रास होतो तो त्याआधी, बँकेत, सोसायटीच्या सभेत, दोन पक्षकारांच्या बोलाचालीत. सही व्हायच्या आधी चूक सापडली तर पान नवीन काढा. सही करताना सापडली तर खोडून वर बरोबर लिहा आणि त्या जागी समासात सगळ्या पक्षकारांच्या सह्या घ्या, एकाची नाही. आणि दस्त रजिस्टर झाल्यावर सापडली, आणि ती ‘सोसायटी’च्या जागी ‘सभासद’ अशी देणारा बदलणारी चूक असेल, तर वकिलांना सांगून चूकदुरुस्ती पत्र करून घ्या, त्यात जुन्या दस्ताचा नंबर, कलमाचा नंबर, ‘असे आहे’ आणि ‘असे वाचावे’ ही दोन्ही वाक्यं पूर्ण लिहा, नुसतं ‘देतीलऐवजी देईल’ लिहू नका, कारण त्या कलमात ‘देतील’ दोनदा असतं.